रिकाम्या पोटी कॉफी आणि ॲसिडिटी: एकाला त्रास होतो, दुसऱ्याला का होत नाही? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हे प्रश्न मला पुन्हापुन्हा विचारले जातात, म्हणून ते एकत्र केले. भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. एकाच गोष्टीचा संबंध दोन प्रश्नांशी असेल, तर उत्तर एका ठिकाणी दिलं आहे आणि दुसरीकडे त्याचा क्रमांक.

१. उपाशीपोटी कॉफी प्यायलं की ॲसिडिटी होते, म्हणजे पोटात नक्की काय होतं?

अन्न पचवण्यासाठी जठर हायड्रोक्लोरिक आम्ल तयार करतं. कॉफी पोटात उतरली की जठराच्या खालच्या भागातल्या काही पेशी गॅस्ट्रिन नावाचं संप्रेरक रक्तात सोडतात. हे संप्रेरक म्हणजे आम्ल बनवणाऱ्या पेशींना मिळालेला निरोप: काहीतरी आलंय, कामाला लागा. त्या पेशी कामाला लागतात आणि आम्ल सुटतं. जेवणानंतरही नेमकं हेच होतं, पण जेवणात ते आम्ल वापरलं जातं. काळ्या कॉफीत पचवण्यासारखं जवळपास काहीच नसतं.

इथे एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण पुढची सगळी उत्तरं तिच्यावर उभी आहेत. कॉफीने आम्ल सुटणं हा आजार नाही. ज्याला काडीचाही त्रास होत नाही त्याच्या पोटातही ते सुटतं. फरक पडतो तो पुढे: ते आम्ल कुठवर पोहोचतं, तिथलं अस्तर कसं आहे आणि तिथल्या नसा किती हळव्या आहेत यावर.

२. कॉफी मुळातच आम्लधर्मी असते, म्हणूनच जळजळते ना?

हा समज फार पक्का बसलेला आहे, पण आकडे त्याच्या बाजूने नाहीत. आम्लता पीएचमध्ये मोजतात आणि आकडा जितका लहान तितकं आम्ल तीव्र. कॉफीचा पीएच साधारण ५ च्या आसपास असतो. उपाशी जठरातल्या रसाचा पीएच १.५ ते २ असतो. या मापात एक अंक म्हणजे दहापट, त्यामुळे जठरातला रस कॉफीपेक्षा जवळजवळ हजारपट तीव्र असतो. उपाशी पोटात हा रस फार नसतो, दोन-चार चमचे म्हणा. त्यावर कपभर कॉफी ओतली की पहिली काही मिनिटं तो उलट सौम्यच होतो.

त्रास बहुतेकांना पहिल्या घोटाला होत नाही, कप संपल्यावर वीस मिनिटांनी, अर्ध्या तासाने होतो, त्याचं कारण हेच. जळतं ते कॉफीने बोलावलेलं आम्ल. पहिल्या घोटालाच छातीत आग होत असेल, तर अन्ननलिकेचं अस्तर आधीच सोललेलं किंवा सुजलेलं असण्याची शक्यता असते. अर्थात कॉफी फार गरम असली तरी तसं होतं, म्हणून आधी ती कोमट करून पाहावी.

३. मग उपाशीपोटीच एवढा फरक का पडतो? तीच कॉफी न्याहारीनंतर चालते.

वेळेचा हिशेब मांडला की उलगडतं. काळी कॉफी पाण्यासारखीच जठरातून लवकर निघून जाते. पाव तासाच्या आसपास निम्मी आतड्यात उतरलेली असते आणि तासाभरात जवळपास सगळी. पण तिने दिलेला निरोप लगेच थांबत नाही. गॅस्ट्रिन रक्तात फिरत असतं, आम्ल सुटत राहतं आणि ज्याच्यासाठी सुटलं ते पुढे निघून गेलेलं असतं. म्हणजे कॉफी गेल्यानंतर काही काळ जठरात जवळपास निव्वळ आम्ल उरतं.

पोटात अन्न असेल तर चित्र बदलतं. अन्नातली प्रथिनं आम्लाला धरून ठेवतात आणि जेवणानंतर जठरातला पीएच काही काळ ४-५ पर्यंत चढतो. शिवाय घट्ट अन्न जठरात तीन-चार तास राहतं, त्यामुळे कॉफीही सावकाश पुढे सरकते.

सकाळच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे आणि ती कुणी लक्षात घेत नाही. झोपेत लाळ फार कमी सुटते आणि आपण गिळतोही कमी. लाळ थोडी अल्कधर्मी असते. अन्ननलिकेत चढलेलं आम्ल पुसून काढण्याचं काम तिचं आहे. उठल्याबरोबर तोंड कोरडं असताना ही धुलाई अजून नीट सुरू झालेली नसते.

४. माझा नवरा उठल्याउठल्या मोठा मग भरून काळी कॉफी पितो, त्याला काही होत नाही. मला अर्ध्या कपात जळजळ सुरू होते. असं का?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा एक उत्तर तयार असतं: "माझ्या पोटात आम्लच जास्त होत असणार." क्वचित तसं असतंही. पण बहुतेकांच्या बाबतीत फरक दुसरीकडे असतो.

पहिली जागा म्हणजे झडप. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक कडं असतं. ते गिळताना उघडतं, एरवी मिटलेलं असतं. काहींचं हे कडं सैल असतं. काहींच्या जठराचा वरचा भाग छातीच्या पडद्यातून थोडा वर सरकलेला असतो, त्याला हायटस हर्निया म्हणतात. पोटाचा घेर वाढला की खालून दाब येतो. अशा माणसाचं आम्ल तुमच्या नवऱ्याइतकंच असेल, पण ते वर चढतं. जठराला आम्लापासून वाचवणारा श्लेष्माचा जाड थर असतो, अन्ननलिकेला तसा नसतो. म्हणून तिथे थोडंही आम्ल आग लावतं. कॉफीने ही झडप ढिली पडते का, याबद्दल मात्र प्रयोगांचे निष्कर्ष जुळत नाहीत. काहींत दाब कमी झालेला दिसला, काहींत नाही. त्यामुळे "कॉफी झडप उघडते" हे वाक्य मी छातीठोकपणे लिहिणार नाही.

दुसरी जागा म्हणजे जठराचं अस्तर. हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू अस्तराला सूज आणतो. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या अस्तराचं संरक्षण पातळ करतात. गुडघ्यासाठी किंवा डोकेदुखीसाठी नेमाने गोळी घेणारे कितीतरी जण सकाळच्या कॉफीला दोष देत राहतात. कॉफी तिथे फक्त जखमेवर आम्ल ओतते. जखम गोळीने केलेली असते.

तिसरी जागा नसांची, आणि माझ्या मते हीच सर्वांत दुर्लक्षित राहिली आहे. निरोगी माणसाच्या अन्ननलिकेतही दिवसभरात थोडंफार आम्ल चढतंच. २४ तासांच्या पीएच तपासणीत एकूण वेळेच्या ४ टक्क्यांपर्यंत, म्हणजे जवळजवळ तासभर, ते असणं स्वाभाविक धरतात. बहुतेकांना ते जाणवतही नाही. पण छातीत जळजळ होते म्हणून तपासणी केलेल्या बऱ्याच लोकांत आम्ल या मर्यादेतच सापडतं. त्यांच्या नसा तेवढ्यानेही ओरडतात. याचा अर्थ त्यांचा त्रास मनाचा खेळ आहे असा मुळीच नाही. जळजळ खरी असते, फक्त तिचं मूळ आम्लाच्या प्रमाणात नसतं. अशा व्यक्तीला आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांनी अपेक्षेइतकं बरं वाटत नाही आणि मग ती गोंधळून जाते.

चौथा मुद्दा तुमच्या नवऱ्याच्या बाजूने. काही लोकांच्या जठराचं आम्ल बनवणारं अस्तरच वर्षानुवर्षांच्या सुजेने झिजलेलं असतं आणि त्यांच्याकडे आम्ल मुळात कमी सुटतं. त्यांना कॉफी सोसते, पण ते काही सुदृढ पोटाचं लक्षण नव्हे.

५. माझा त्रास छातीतला आहे की पोटातला, हे मला घरी कसं कळेल?

"ॲसिडिटी" या एका शब्दात आपण दोन-तीन वेगळ्या तक्रारी कोंबतो. त्या सुट्या केल्याशिवाय उपाय लागू पडत नाही.

आग छातीच्या मधल्या हाडामागे होत असेल, वर घशाकडे सरकत असेल, आंबट पाणी तोंडात येत असेल, वाकल्यावर किंवा आडवं झाल्यावर वाढत असेल, तर ती अन्ननलिकेतली, म्हणजे उलट्या दिशेने चढलेल्या आम्लाची.

बरगड्यांच्या खाली, बेंबीच्या वर कुरतडल्यासारखं, पोटात खड्डा पडल्यासारखं होत असेल आणि चार घास खाल्ले की शांत होत असेल, तर ती जठराची किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीची. उपाशीपोटी कॉफीने सगळ्यात जास्त बिघडते ती ही दुसरी. पहिलीचा संबंध उपासापेक्षा झडपेवरच्या ताणाशी अधिक असतो (प्रश्न ६).

दोन्ही एकत्रही असू शकतात. तेव्हा हात कुठे ठेवून दाखवता याकडे लक्ष द्या. मधल्या हाडावर तळवा फिरतो की वरच्या पोटावर बोट टेकतं, एवढ्यानेही डॉक्टरांना बरंच कळतं.

६. माझं उलट आहे. उपाशीपोटी कॉफी चालते, पण जेवणावर घेतली की छातीत जळतं. हे कसं?

तुमचं विचित्र वगैरे काही नाही, उलट याला नेमकं कारण आहे. जेवणानंतर नवं सुटलेलं आम्ल सगळ्या अन्नात लगेच मिसळत नाही. त्याचा एक थर अन्नाच्या वर, झडपेच्या अगदी जवळ काही काळ साचून राहतो. त्याच वेळी भरलेलं जठर ताणलेलं असतं, आणि असा ताण पडला की झडप गिळणं नसतानाही अधूनमधून आपोआप सैल होते. त्यात आणखी कपभर द्रव घातला की ताण वाढतो.

म्हणून "कॉफी कधीच उपाशीपोटी घेऊ नका" हा सल्ला सरसकट सगळ्यांना देणं बरोबर नाही. आम्ल वर चढण्याची तक्रार असलेल्याला भरगच्च जेवणानंतरची कॉफी जास्त महागात पडते. त्याने ती हलक्या खाण्यासोबत घ्यावी आणि नंतर दोन-तीन तास आडवं होऊ नये.

७. डीकॅफ घेतली तर सुटका होईल का?

थोडी, पुष्कळदा अपेक्षेपेक्षा कमी. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात साधी कॉफी, डीकॅफ म्हणजे कॅफिन काढून टाकलेली कॉफी आणि नुसतं कॅफिन यांची तुलना केली होती. डीकॅफनेही जवळपास साध्या कॉफीइतकंच आम्ल सुटलं आणि नुसत्या कॅफिनने त्याहून कमी. म्हणजे गॅस्ट्रिनला जागं करणारे पदार्थ कॉफीत कॅफिनशिवायही आहेत.

तरी डीकॅफचा उपयोग एका बाबतीत होतो. तुमची तक्रार जळजळीपेक्षा धडधड आणि पोटात कालवाकालव अशी असेल, तर फरक लगेच कळतो (प्रश्न १०).

८. दूध घातल्यावर कॉफी सौम्य होते ना?

सुरुवातीला होते. दुधातली प्रथिनं आम्ल धरतात आणि स्निग्धांशामुळे जठर हळू रिकामं होतं, त्यामुळे पहिला अर्धा तास बरा जातो. पण दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम स्वतःही आम्ल सुटायला चालना देतात. पूर्वी अल्सरच्या रुग्णांना दर काही तासांनी दूध पाजत, ती पद्धत मागे पडली त्यामागे हेही एक कारण होतं.

ज्यांना दुधातली साखर पचत नाही त्यांचं प्रकरण निराळं. त्यांना दुधाच्या कॉफीने पोट फुगतं, गुरगुरतं, वायू होतो आणि ते त्यालाही ॲसिडिटीच म्हणतात. काळ्या कॉफीने काही होत नाही आणि दुधाच्या कॉफीने होतं असा अनुभव असेल, तर संशय दुधावर घ्या. काही दिवस लॅक्टोजविरहित दूध वापरलं की खुलासा होतो.

९. गडद भाजलेली कॉफी किंवा कोल्ड ब्रू पोटाला सोपी असते असं ऐकलं. खरं का?

गडद भाजणीच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. कच्च्या बियांत ट्रायगोनेलिन नावाचा पदार्थ असतो. जास्त भाजलं की त्यातला काही भाग एन-मिथाइलपिरिडिनियममध्ये बदलतो आणि हा नवा पदार्थ आम्ल सुटण्याला काहीसा आवर घालतो असं दिसलं आहे. निरोगी माणसांवरच्या एका तुलनेत गडद भाजणीच्या कॉफीने मध्यम भाजणीपेक्षा कमी आम्ल सुटलं. पण ती माणसं मोजकीच होती, त्यामुळे हा फरक करून पाहण्यासारखा आहे, विसंबण्यासारखा नाही.

कोल्ड ब्रूचा पीएच गरम कॉफीइतकाच निघतो. एकूण आम्लं मात्र थोडी कमी उतरतात. चवीला ती मऊ लागते आणि म्हणून माणसं मोठा ग्लास पितात, ही तिची खरी अडचण.

१०. कॉफीनंतर मला धडधडतं, हात थरथरतात, मळमळतं. हीसुद्धा ॲसिडिटीच का?

नाही. ही कॅफिनची करामत आहे. उपाशीपोटी कॅफिन रक्तात लवकर चढतं आणि लाट जोरात येते. शिवाय यकृत ते किती वेगाने निकामी करतं यात माणसामाणसांत खूप अंतर असतं. रक्तातलं निम्मं कॅफिन जायला साधारण ५ तास लागतात, पण धूम्रपान करणाऱ्यांत ते बरंच लवकर जातं आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांत रेंगाळतं.

हा वेग आनुवंशिकही असतो, आणि त्यावरून "माझे जीन्स तसे, म्हणून मला ॲसिडिटी" असं अनुमान काढलं जातं. कॅफिन किती वेळ रक्तात राहतं याने झोप आणि धडधड ठरते. छातीतल्या जळजळीचं कोडं त्याने सुटत नाही.

११. पंचविशीत मी दिवसाला चार कप प्यायचो. चाळिशीत एकही सोसत नाही. कॉफी तीच आहे, मग बदललं काय?

कॉफी सोडून बाकी बरंच. या वर्षांत पोटाचा घेर किती वाढला ते पाहा. कोणत्या गोळ्या सुरू झाल्या तेही पाहा: वेदनाशामक, ॲस्पिरिन, रक्तदाबाच्या काही गोळ्या ज्या स्नायू सैल करतात. हेलिकोबॅक्टर पायलोरी जिवाणूची तपासणी कधी झाली आहे का, हा तिसरा प्रश्न.

आणि झोप. आम्ल वर चढण्याचा त्रास असलेल्या लोकांना रात्री पुरेसं झोपू दिलं नाही, तर दुसऱ्या दिवशी अन्ननलिकेला तेवढंच आम्ल लवकर आणि जास्त झोंबतं, हे प्रयोगात दिसलं आहे. त्यातच झोप कमी झालेल्या दिवशी आपण कॉफी वाढवतो. दोष एकट्या कॉफीच्या माथी जातो.

कॉफीबरोबर सिगारेट असेल तर तिचाही हिशेब लावा. ती झडप सैल करते आणि लाळेची ताकद कमी करते. कॉफी सोडूनही सिगारेट चालू राहिली की फरक पडत नाही आणि मग माणूस हात टेकतो.

१२. आधी ग्लासभर पाणी किंवा दोन बिस्किटं घेतली तर भागेल का?

पाण्याने घसा ओला होतो आणि गिळण्याने अन्ननलिका धुतली जाते, एवढा फायदा नक्की. पण पाणीही पाव-अर्ध्या तासात निघून जातं, ते आम्ल धरून ठेवत नाही. ग्लासभर पाणी आणि लगेच मगभर कॉफी असं केलं तर पोट उगाच ताणतं.

बिस्किटांनी थोडं भागतं. प्रथिनं असलेलं काहीही, चावून खावं लागेल असं, जास्त उपयोगी. चावण्याने लाळही सुटते. खाण्यानंतर अर्धा तास थांबलंच पाहिजे असं नाही, सोबत घेतलं तरी चालतं.

१३. नेमकं कशाने होतं ते मला स्वतःला तपासायचं आहे. कसं करू?

कॉफी एकदम बंद करून पाहू नका, ही पहिली सूचना. नेहमी पिणाऱ्याने ती अचानक सोडली की १२ ते २४ तासांत डोकं धरतं, मळमळतं, आणि हे आठवडाभरही चालू शकतं. मग काय कशाने झालं हेच कळेनासं होतं. त्याऐवजी एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

माझ्या परिचयातल्या एका शिक्षिकेने हे केलं, तिचीच उदाहरणं देते. वय ३८. सकाळी सव्वासहाला उपाशीपोटी २०० मिली काळी कॉफी, सातच्या सुमारास वरच्या पोटात कुरतडणं, आठला न्याहारी केली की शांत. तिने १६ दिवसांचे चार भाग केले. प्रत्येक दिवशी वहीत चारच गोष्टी लिहिल्या: झोप किती तास, कॉफी किती वाजता, त्रास कधी आणि कुठे, कोणती गोळी घेतली का.

पहिले चार दिवस नेहमीसारखे. चारपैकी तीन दिवस त्रास. पुढचे चार दिवस तीच कॉफी न्याहारीसोबत. फक्त एकदा त्रास झाला, आणि त्या रात्री ती साडेचार तासच झोपली होती. तिसऱ्या भागात पुन्हा उपाशीपोटी, पण १०० मिली. एकदा, तोही हलका. चौथ्या भागात उपाशीपोटी पूर्ण कप, पण डीकॅफ. चारपैकी दोन दिवस त्रास.

आता हे वाचायचं कसं? डीकॅफनेही त्रास झाला, म्हणजे एकट्या कॅफिनवर खापर फोडता येत नाही. प्रमाण निम्मं केल्यावर आणि अन्न सोबत असताना तो कमी झाला. जागा वरच्या पोटाची, छातीची नाही. म्हणजे तिच्यासाठी उपाशी जठरात साचणारं आम्ल हाच मुख्य मुद्दा होता. तिने कॉफी सोडली नाही. उठल्यावर छोटा कप आणि उरलेली न्याहारीसोबत, असं ठरवलं. अन्नाने शांत होणाऱ्या दुखण्यात जिवाणूची शंका घ्यावी लागते, म्हणून डॉक्टरांकडून श्वासाची तपासणीही करून घेतली. ती निर्दोष आली.

चार दिवस हा फार छोटा काळ आहे, एखाद-दुसऱ्या दिवसाचा फरक योगायोगही असतो. शंका उरली तर तोच भाग पुन्हा करावा. मासिक पाळी, प्रवास किंवा तापाचे दिवस मोजणीतून वगळावेत.

१४. सकाळी ॲसिडिटीची गोळी घेते आणि मग कॉफी पिते. तरी जळजळ होते. गोळी बोगस आहे का?

बहुधा वेळ चुकते आहे. ओमेप्रॅझोल, पँटोप्रॅझोल या जातीच्या गोळ्या आम्ल सोडणाऱ्या पंपांना बंद करतात, पण जे पंप त्या वेळी चालू असतात त्यांनाच. पंप जोरात चालू होतात ते जेवणाने. म्हणून गोळी खाण्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते आणि नंतर खरोखर खायचं असतं. गोळी, कॉफी आणि दुपारपर्यंत उपास असा क्रम असेल तर गोळीचं काम अर्धवट राहतं.

चघळायच्या किंवा पातळ अँटासिडचं गणित वेगळं आहे. ते असलेलं आम्ल मारतं, पण उपाशीपोटी घेतलं तर अर्ध्या तासात जठरातून निघून जातं. जेवणानंतर घेतलं तर दोन-तीन तास टिकतं.

अजून एक पेच: अशा पंप बंद करणाऱ्या गोळ्या महिनोन्महिने घेऊन अचानक सोडल्या, तर काही आठवडे आम्ल पूर्वीपेक्षा जास्त सुटू शकतं. त्या दिवसांतली कॉफी नक्कीच बाधते आणि माणसाला वाटतं की आजार परत आला. गोळी हळूहळू कशी कमी करायची हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

१५. कॉफीने अल्सर होतो का? कुणी हो म्हणतं, कुणी नाही.

अल्सरची मुख्य कारणं दोन: हेलिकोबॅक्टर पायलोरी आणि वेदनाशामक गोळ्या. या जिवाणूच्या शोधासाठी बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ साली नोबेल मिळालं. त्याआधी तणाव आणि खाण्यापिण्यालाच जबाबदार धरत, आणि कॉफीचं नाव तेव्हापासून चिकटलं आहे.

जपानमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ८,०१३ निरोगी लोकांच्या पाहणीत कॉफी आणि अल्सर यांचा संबंध आढळला नाही, आम्ल चढून अन्ननलिकेला होणाऱ्या सुजेशीही नाही. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या मोठ्या अभ्यासात मात्र, २०२० साली, जास्त कॉफी पिणाऱ्या स्त्रियांत छातीत जळजळीची तक्रार अधिक आढळली. दोन्ही निष्कर्ष एकमेकांना खोडतात असं मला वाटत नाही. पहिल्यात एकाच वेळी केलेली पाहणी होती आणि ज्यांना कॉफी बाधते ते आधीच ती कमी पीत असणार. दुसऱ्यात काय जाणवतं ते विचारलं होतं. जाणवणं आणि जखम होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत (प्रश्न ४ मधला नसांचा भाग पाहा).

ज्याला अल्सर झालेला आहे त्याने मात्र तो भरेपर्यंत उपाशीपोटी कॉफी टाळावी.

१६. गरोदरपणात आधी न होणारी जळजळ सुरू झाली आहे. कॉफी पूर्ण सोडू का?

या काळात प्रोजेस्टेरॉनमुळे झडप सैल पडते आणि वाढतं गर्भाशय खालून दाबतं. त्यामुळे कॉफी न पिणाऱ्यांनाही जळजळ होते. कॅफिन शरीरात खूप जास्त वेळ राहतं, शेवटच्या महिन्यांत निम्मं जायला १५ तासांपर्यंत लागू शकतात. दिवसाला २०० मिलिग्रॅमपेक्षा कमी कॅफिन ही सर्वसाधारण मर्यादा सांगितली जाते आणि त्यात चहा, चॉकलेट, कोलाही धरायचं असतं. मोठ्या मगात एकट्या कॉफीनेच ती गाठली जाऊ शकते. छोटा कप, खाण्यासोबत, दिवसा लवकर, एवढ्यावर बहुतेकींचं निभावतं. अँटासिड स्वतःच्या मनाने घेऊ नका.

१७. डॉक्टरांकडे कधी जावं?

गिळताना अन्न अडकत असेल, वजन विनाकारण घटत असेल, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काळपट काही आलं, शौचाला डांबरासारखी काळी होत असेल, रक्त कमी असल्याचं निघालं असेल, तर कॉफीचे प्रयोग करत बसू नका. साठीनंतर पहिल्यांदाच अशी तक्रार सुरू झाली तरी एंडोस्कोपीबद्दल विचारा. आठवड्यातून दोन-तीनदा जळजळ होते आणि महिनाभर तसंच चाललंय, एवढंही जायला पुरेसं कारण आहे.

छातीतली कळ हातात, जबड्यात किंवा पाठीत जात असेल, घाम फुटत असेल, दम लागत असेल, तर ती ॲसिडिटी समजून अँटासिड घेऊन वाट पाहू नका. ताबडतोब रुग्णालयात जा. हृदयविकाराचा झटका आणि जळजळ यांतला फरक कधीकधी अनुभवी डॉक्टरांनाही ईसीजीशिवाय सांगता येत नाही.

जाताना प्रश्न १३ मधली वही सोबत न्या, आणि गोळ्यांची यादीही. डोकेदुखीसाठी अधूनमधून घेतलेली गोळी लोक सांगायला हमखास विसरतात.